काका पन्नास मागतायत. करार काय म्हणतो?

समजा, कोथरूडमध्ये दोन मैत्रिणींचं इंटिरियर डिझाइनचं छोटं ऑफिस आहे. जागामालक त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात आणि दोघी त्यांना काकाच म्हणतात. २०२६ च्या जूनमध्ये, तिसऱ्या आठवड्यात, काकांचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज येतो : ‘ऑगस्टपासून भाडं ५० करू या. समोर ५५ ला गेलं.’ संध्याकाळी काम आवरताना दोघी बोलतात.

‘काकांचा मेसेज बघितलास? पन्नास म्हणतायत.’

‘पन्नास? आत्ता बेचाळीस देतोय ना आपण!’

‘समोरच्या बिल्डिंगचा भाव सांगतायत.’

‘मग दोन पावसाळे आपली मागची भिंत गळतेय, तीही धरा म्हणावं भावात. करारात काय लिहिलंय?’

‘पाच टक्के बहुतेक. बघायला हवं.’

‘तू काही उत्तर दिलंस का?’

‘“ठीक आहे काका, बघते” एवढंच. आणि अंगठा टाकला.’

‘अंगठा कशाला टाकलास! बरं, फार तर सेहेचाळीस देऊ. वाद नको.’

‘आणि नाहीच ऐकलं तर सोडू जागा. मलाही कंटाळा आलाय.’

काकांना लिहायच्या पत्राचा कच्चा माल या बोलण्यात आहे. मात्र हेच बोलणं शुद्ध भाषेत उतरवून काढलं तर पत्र बिघडेल. यातलं काही करारात तपासून घ्यायचं आहे, काही पत्राबाहेर ठेवायचं आहे आणि एक गोष्ट तातडीने निस्तरायची आहे.

सुरुवात कपाटातल्या करारापासून. महाराष्ट्रात अशा छोट्या ऑफिसांचा व्यवहार बहुधा ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर चालतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी करून त्याची नोंदणी करणं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकावर आहे. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज आपल्याकडे चुकीचाच आहे. आपल्या उदाहरणात करार ३६ महिन्यांचा आहे : १ ऑगस्ट २०२४ ते ३१ जुलै २०२७. पहिल्या वर्षाचं भाडं ४०,००० रुपये. वाढीचं कलम म्हणतं की दर बारा महिन्यांनी ‘त्या वेळी चालू असलेल्या’ भाड्यावर ५ टक्के वाढ होईल.

हे कलम शब्दन् शब्द वाचायचं. वाढ चालू भाड्यावर असेल तर दुसऱ्या वर्षी ४२,००० आणि तिसऱ्या वर्षी ४४,१०० होतात. मूळ भाड्यावर असेल तर तिसऱ्या वर्षी ४४,००० च. फरक शंभराचाच आहे, पण पत्रात चुकीचा आकडा गेला तर बाकीच्या पत्रावरचाही विश्वास उडतो. काकांचे पन्नास हजार म्हणजे चालू भाड्यावर १९ टक्क्यांची वाढ. करारापेक्षा महिन्याला ५,९०० आणि वर्षाला ७०,८०० रुपये जास्त. पन्नासमध्ये सोसायटीचा मेंटेनन्स धरला आहे की नाही, हेही मेसेजमध्ये नाही. सध्या तो कोण भरतं, ते करारात पाहून घ्यायचं.

आता गप्पांमधलं एकेक वाक्य घेऊ. ‘समोर ५५ ला गेलं’ हे खरंही असेल. पण मुदत चालू असताना भाडं ठरतं ते करारातल्या कलमावर, बाजारभावाचा प्रश्न येतो नवा करार करताना. म्हणून पत्रात समोरच्या इमारतीशी वाद घालत बसायचं नाही. तो भाव खोटा ठरवायला गेलं की चर्चा बाजारभावावर सरकते, आणि तिथे आपली बाजू लंगडी असते.

‘फार तर सेहेचाळीस देऊ’ हे आपापसातलं बोलणं आहे, ते पत्रात येता कामा नये. करार ४४,१०० म्हणत असताना आपणच ४६ लिहिले, तर पुढची घासाघीस सेहेचाळीस आणि पन्नास यांच्यामध्ये सुरू होते.

‘नाहीतर सोडू जागा’ हे सगळ्यात धोक्याचं. रागात लिहिलेलं असं वाक्य मालक जागा सोडण्याची नोटीस म्हणून पुढे करू शकतो. शिवाय करारात ‘लॉक-इन’ मुदत असेल, तर ती पूर्ण होण्याआधी जागा सोडली म्हणून डिपॉझिटमधून पैसे कापले जाऊ शकतात. खरंच सोडायची असेल तर नोटिशीचा कालावधी पाहून ते वेगळं लिहायचं. धमकी म्हणून ते लिहायचंच नाही.

गळक्या भिंतीचं काय? तक्रार रास्त आहे, पण ती भाड्याला जोडली की सौदा होतो. काका भिंत दुरुस्त करून देतील आणि त्या बदल्यात पन्नास मागतील. इमारतीची मोठी दुरुस्ती पुष्कळ करारांमध्ये मालकाकडे असते आणि ती भाडं वाढो न वाढो, करायचीच असते. म्हणून तिच्यासाठी वेगळं पत्र, ओलीच्या फोटोंसह आणि तारखांसह.

राहिला अंगठा. नोंदणी झालेल्या कराराच्या अटी नुसत्या तोंडी बोलण्याने किंवा एखाद्या खुणेने सहज बदलत नाहीत. तरी पुढे वाद झालाच, तर व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज पुरावा म्हणून मांडता येतात आणि ‘तुम्ही तेव्हाच हो म्हणालात’ असं काका म्हणू शकतात. त्यावर उपाय सोपा : त्या उत्तराचा अर्थ लवकरात लवकर लेखी स्पष्ट करायचा. ऑगस्ट उजाडेपर्यंत गप्प बसलं तर मालक त्या गप्प बसण्यालाच होकार समजतो.

एवढी निवड झाल्यावर पत्र एका पानात बसतं :

२४ जून २०२६

प्रति, श्री. (जागामालकांचे पूर्ण नाव व पत्ता)

विषय : कार्यालयाचे १ ऑगस्ट २०२६ पासूनचे मासिक भाडे
संदर्भ : लिव्ह अँड लायसन्स करार (दस्त क्रमांक व नोंदणीची तारीख), कलम ४

स.न.वि.वि.

ऑगस्टपासून भाडे ५०,००० रुपये करण्याबाबतचा आपला व्हॉट्सअ‍ॅप संदेश मिळाला. त्या वेळी आमच्याकडून गेलेले उत्तर संदेश वाचल्याची पोच म्हणून होते. त्यातून वाढीव भाड्यास संमती दिलेली नाही, हे येथे नोंदवत आहोत.

आपल्यातील करार ३१ जुलै २०२७ पर्यंत आहे. त्यातील कलम ४ नुसार दर बारा महिन्यांनी चालू भाड्यावर ५ टक्के वाढ ठरलेली आहे. त्याप्रमाणे सध्याच्या ४२,००० रुपयांवर २,१०० रुपयांची वाढ होऊन १ ऑगस्ट २०२६ पासून भाडे ४४,१०० रुपये होते. ही रक्कम आम्ही ठरल्या तारखेस नेहमीप्रमाणे आपल्या बँक खात्यात जमा करू. कराराबाहेरील वाढ मान्य करणे आम्हाला शक्य नाही.

पुढील कराराच्या भाड्याविषयी आपल्याशी बोलण्यास आम्ही तयार आहोत. मुदत संपण्यापूर्वी पुरेसा अवधी मिळावा म्हणून जानेवारी २०२७ मध्ये आपल्या सोयीने भेटू.

वरील हिशेबात काही चूक आढळल्यास कृपया १० जुलैपर्यंत लेखी कळवावे.

आपल्या विश्वासू,
(दोन्ही भागीदारांच्या सह्या)

या पत्रात काकांना एकही शब्द टोचेल असा नाही. ‘अन्यायकारक’, ‘अवाजवी’, ‘धक्का बसला’ यांना इथे जागा नाही, कारण ते शब्द कलम ४ च्या जोरात काहीच भर घालत नाहीत. ‘शक्य असल्यास’ किंवा ‘कृपया विचार व्हावा’ हेही नाही. करारातला आकडा विनंतीच्या सुरात मांडला की तो मालकाच्या मर्जीवर सोडल्यासारखा होतो. नकाराचं वाक्य एकच आहे, ते छोटं आहे आणि हिशेबाच्या नंतर येतं. त्याच्या पाठोपाठ जानेवारीच्या भेटीचा प्रस्ताव येतो. काकांना जास्त भाडं हवं असणं गैर नाही, फक्त त्याची वेळ कराराने ठरवली आहे. तो दरवाजा उघडा दिसला की त्यांनाही मागे येणं सोपं जातं. वकिली नोटिशीतली ‘आमचे सर्व हक्क राखून’ ही भाषा पहिल्याच पत्रात आणायची गरज नाही.

पत्राच्या दोन प्रती काढायच्या. काका वरच्याच मजल्यावर असल्याने एक जण जाऊन प्रत हातात देते आणि दुसरीवर ‘मिळाली’, तारीख आणि सही घेते. सही द्यायला त्यांनी टाळाटाळ केली तर वाद न घालता तेच पत्र स्पीड पोस्टाने पाठवायचं आणि पावती जपून ठेवायची. त्याचं पीडीएफ ज्या व्हॉट्सअ‍ॅप संवादात मागणी आली होती तिथेही टाकायचं, म्हणजे अंगठ्याच्या खालीच खुलासा दिसतो. १ ऑगस्टचं भाडं मात्र एक दिवसही मागे-पुढे होऊ द्यायचं नाही. पत्रात ४४,१०० लिहून थकबाकी ठेवली, तर करार मोडल्याचा ठपका आपल्यावरच येतो.

पत्रानंतर काका भेटून म्हणाले, ‘बरं, पंचेचाळीस द्या, विषय संपला’, आणि दोघींनाही ते पटलं, तरी नुसत्या मान डोलावण्यावर सोडायचं नाही. रक्कम कधीपासून, किती महिने आणि त्यात मेंटेनन्स आहे की नाही, हे लिहून दोघांच्या सह्या घ्यायच्या. करार नोंदणीकृत असल्यामुळे बदलही नोंदवून घेतलेला चांगला.

हे सगळं बळ मुदत शिल्लक असण्याचं आहे. हीच मागणी जुलै २०२७ मध्ये आली असती तर कलम ४ कामी आलं नसतं. नव्या मुदतीला काका पन्नासच काय, पंचावन्नही मागू शकतात. तेव्हाचं पत्र खरोखर विनंतीचं असतं. त्यात वेळेवर भरलेल्या भाड्याचा उल्लेख येतो, ऑफिस रिकामं राहिलं तर बुडणाऱ्या महिन्यांचा येतो आणि सेहेचाळीसचा प्रस्तावही तिथेच शोभतो. मुदत संपूनही बसून राहिलं तर पुष्कळ करारांमध्ये दुप्पट भाड्याचं कलम असतं, तेही आधी वाचून ठेवायचं. जुन्या पागडीच्या जागांचं गणित याहून निराळं; भाडे नियंत्रण कायदा लागू असलेल्या अशा जागेत मालकाला वर्षाला ४ टक्के वाढीचा हक्क कायद्यानेच दिला आहे.

म्हणून या दोघींनी जानेवारी २०२७ ची भेट कॅलेंडरवर आजच लिहून ठेवायला हवी. त्या भेटीत नव्या कराराचं जमलं नाही, तर दुसरी जागा शोधायला त्यांच्या हातात सहा महिने उरलेले असतील.