पिकअप वाढतो, तेव्हा इंजिनात काय बदलतं

डिझेल गाडीचा ईसीयू रिमॅप करून घेतला की ओव्हरटेक करताना फरक लगेच जाणवतो. इंजिनाचा एकही भाग न बदलता ताकद वीस टक्क्यांच्या आसपास वाढते, आणि ही वाढ खरी असते. ती येते कुठून, हे समजण्यासाठी एका सिलिंडरच्या एका फेरीचा हिशेब मांडून पाहू.

तेराशे सीसीचं, चार सिलिंडरचं टर्बो डिझेल घ्या. एका सिलिंडरचं आकारमान साधारण ३१२ सीसी. टर्बोने बाहेरच्या हवेपेक्षा एक बार जास्त दाब दिला, तर एका फेरीत त्या सिलिंडरमध्ये सुमारे ६०० मिलिग्रॅम हवा शिरते. कंपनीने ईसीयूमध्ये लिहून ठेवलेलं असतं की एवढ्या हवेत ३३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त डिझेल सोडायचं नाही. म्हणजे एक भाग डिझेलला अठरा भाग हवा. रसायनशास्त्राच्या हिशेबाने साडेचौदा भाग हवा पुरते, पण सिलिंडरमध्ये फवारलेलं डिझेल हवेत सगळीकडे सारखं मिसळत नाही. जिथे हवा कमी पडते तिथे काजळी तयार होते. म्हणून ही वरची साडेतीन भाग हवा राखून ठेवलेली असते. या मर्यादेच्या तक्त्याला ट्यूनर ‘स्मोक लिमिटर’ म्हणतात.

डिझेल इंजिनात ताकद ठरते ती इंधनावर. वीस टक्के जास्त जोर हवा, तर ३३ ऐवजी ४० मिलिग्रॅम डिझेल सोडावं लागतं. हवा तेवढीच ठेवली, तर प्रमाण पंधरावर येतं आणि मागून काळा धूर निघतो. प्रमाण पुन्हा अठरावर न्यायचं, तर हवा ७२० मिलिग्रॅम हवी, म्हणजे बूस्ट एक बारवरून १.४ बारवर न्यायला हवा. चांगल्या रिमॅपमध्ये इंधन आणि बूस्ट असे एकमेकांना धरूनच वाढवले जातात. स्वस्तातल्या कामात इंधन वाढतं आणि बूस्ट मागे राहतो.

बूस्ट वाढवण्यालाही किंमत आहे. टर्बो मुळातच मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांच्या घरात फिरत असतो, आणि जास्त दाबासाठी त्याला आणखी वेगाने फिरावं लागतं. महाबळेश्वरच्या उंचीवर बाहेरच्या हवेचा दाबच ०.८६ बारच्या आसपास असतो. समुद्रसपाटीला टर्बो हवा २.४ पट दाबत असेल, तर सिलिंडरला तेवढीच हवा देण्यासाठी इथे २.८ पट दाबावी लागेल. म्हणून कंपनीच्या प्रोग्राममध्ये उंचीनुसार बूस्ट आपोआप उतरवणारा तक्ता असतो. तो तक्ता वाढवून किंवा बंद करून दिलेली गाडी पुण्यात मजेत चालते, पण भरल्या गाडीने घाट चढताना टर्बोच्या बेअरिंगवर ताण येतो. शिट्टीसारखा आवाज वाढणं, टर्बोच्या पाइपात तेल दिसणं, स्कॅनरवर <code>P0234</code> हा जास्त बूस्टचा कोड येणं, या त्याच्या खुणा.

दुसरा ताण उष्णतेचा. जास्त डिझेल सोडायला इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवला, तर जळण्याची क्रिया उशिरापर्यंत चालते आणि तापलेला वायू तसाच टर्बोवर जातो. हे टाळण्यासाठी कॉमन रेलमधला दाब वाढवतात, म्हणजे पंप आणि इंजेक्टरवर भार येतो. आणि क्लच? वरच्या गिअरमध्ये १८०० आरपीएमला पूर्ण अॅक्सिलरेटर दाबल्यावर काटा वर चढतो पण गाडीचा वेग तसा वाढत नाही, तर क्लच घसरतो आहे.

मला सगळ्यात जास्त खटकतो तो एक जवळचा मार्ग. टॉर्क, धूर, बूस्ट यांचे सगळे तक्ते नीट बदलण्याऐवजी फक्त इंजेक्टर किती वेळ उघडायचा हा तक्ता वाढवायचा. मग ईसीयू समजतो ३३ मिलिग्रॅम आणि जातात ४०. रेल सेन्सरला खोटा आकडा दाखवणारे बाहेरून जोडायचे बॉक्सही हेच करतात. परिणामी डॅशबोर्डवरचं मायलेज खोटं चांगलं दिसतं. बीएस-६ गाडीत त्याहून वाईट म्हणजे धूरफिल्टर किती भरला, हा ईसीयूचा अंदाजही चुकतो. फिल्टर आधीच तुंबतो, तो जाळून साफ करण्याच्या फेऱ्या वाढतात आणि त्या फेऱ्यांत सोडलेलं जादा डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली, तर ते डिझेल असण्याची दाट शक्यता असते.

टर्बो पेट्रोलचं गणित वेगळं. तिथे ताकद हवेवर ठरते, इंधन हवेच्या मागे जातं, आणि खरी भीती असते नॉकिंगची.

आता पीयूसी. डिझेल गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून अॅक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबतात आणि धुराचा गडदपणा मोजतात. बीएस-४ ला मर्यादा १.६२, बीएस-६ ला ०.७. या झटक्याच्या क्षणी टर्बोने अजून दाब धरलेला नसतो, म्हणून इंधनाला आवरतो तो स्मोक लिमिटरच. तो सैल केला असेल, तर डिझेल गाडी इथे पकडली जाऊ शकते. पेट्रोलची तपासणी मात्र भार नसताना होते. रिमॅपने बदललेला पूर्ण बूस्टचा भाग त्या वेळी वापरातच येत नाही, त्यामुळे गाडी सहसा पास होते.

पण पीयूसीत नायट्रोजनची ऑक्साइडं मोजलीच जात नाहीत. डिझेलच्या बाबतीत आपल्या छातीला त्रास देणारा हा मोठा भाग. बीएस-४ डिझेल कारला किलोमीटरमागे ०.२५ ग्रॅमची मुभा होती, बीएस-६ ला ती ०.०८ वर आणली. हे साधण्यासाठी ईजीआर व्हॉल्व्ह थोडा धूर पुन्हा सिलिंडरमध्ये फिरवतो. रिमॅप करताना ‘ईजीआर ऑफ’ करून दिला की ही ऑक्साइडं वाढतात, काजळी उलट कमी होते आणि पीयूसीचा कागद स्वच्छ मिळतो. २०१५ साली फोक्सवॅगनचं प्रकरण उघड झालं, तेही सॉफ्टवेअरचंच होतं. पुण्याच्या एआरएआयने इथल्या गाड्या रस्त्यावर तपासल्यानंतर कंपनीने भारतात सुमारे सव्वातीन लाख गाड्या परत बोलावल्या. एका कंपनीने केलं तो घोटाळा आणि गल्लीत केलं तर हौस, हा भेद मला पटत नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

वॉरंटीबाबत ‘सर्व्हिसच्या आधी मूळ फाइल परत टाकून देऊ’ असं आश्वासन मिळतं. अनेक ईसीयूंमध्ये प्रोग्राम किती वेळा लिहिला गेला याची नोंद असते, आणि मूळ फाइल परत टाकणं म्हणजे आणखी एकदा लिहिणं. फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांमध्ये बदल आढळला तर कंपनीच्या नोंदीत <code>TD1</code> अशी खूण पडते. मग टर्बो, इंजिन, गिअरबॉक्सचा दावा अडतो. खिडकीची मोटर बिघडली, तर तिचा रिमॅपशी संबंध जोडणं अवघड. उलटही घडतं: सर्व्हिस सेंटरने नवं सॉफ्टवेअर चढवलं की पैसे मोजून केलेला रिमॅप पुसला जातो.

जुनी टर्बो गाडी घेताना स्कॅनरवर <code>CALID</code> आणि <code>CVN</code> वाचून घ्या. पहिला प्रोग्रामचं नाव सांगतो, दुसरा त्यातल्या आकड्यांवरून निघालेली बेरीज. त्याच मॉडेलच्या, तोच <code>CALID</code> असलेल्या दुसऱ्या गाडीशी <code>CVN</code> जुळला नाही, तर आतले आकडे कुणीतरी हलवलेले आहेत. जुळला, तरी क्लच आणि टर्बो तपासायचेच, कारण विकण्यापूर्वी मूळ फाइल परत टाकलेली असू शकते.