अर्जातला प्रत्येक रकाना

राजगडच्या ट्रेकसाठी नोंदणी घेणाऱ्या एखाद्या गटाचा ऑनलाइन अर्ज पाहू. नाव, मोबाइल, अडचणीत घरच्या कोणाला कळवायचं तो नंबर, दमा किंवा हृदयविकार असल्यास त्याची नोंद, एवढं गडावर खरंच लागतं. जन्मतारीख नको, ‘१८ वर्षं पूर्ण’ ही खूण पुरते. आधारची प्रत तर मागूच नये, कारण ती फुटली तर झालेलं नुकसान भरून काढता येत नाही.

२०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही हेच सांगतो. माणसाने संमती दिली, तरी ती कामापुरत्या माहितीलाच लागू होते. काम संपलं की, दुसऱ्या कायद्याने ठेवायला लावली नसेल तर, माहिती पुसायची.

म्हणून मुदत प्रत्येक रकान्याची वेगळी ठरवावी. आजाराची नोंद आणि घरचा नंबर ट्रेकनंतर आठवडाभरात पुसावा. पैशांच्या पावत्या मात्र हिशेबासाठी काही वर्षं ठेवाव्या लागतात. घोळ होतो तो प्रतींमुळे. वेबसाइटवरून माहिती पुसली जाते, पण प्रत्येक अर्जाचा आपोआप आलेला ईमेल आणि ट्रेक लीडरच्या फोनमधली यादी तशीच राहते. जुन्या ट्रेकमधल्या एखाद्याचं नाव मेलबॉक्समध्ये शोधून पाहा. सापडलं, तर पुसणं अर्धवट झालं आहे.