शॉर्ट फिल्म तयार झाली, आता पाठवायची कुठे?

साउंड मिक्सिंग उरकलं, रंग जुळले, शेवटची नामावली चढली की नव्या दिग्दर्शकाचा हात आधी यूट्यूबकडे जातो. तो तिथेच थांबवलेला बरा. लघुपट एकदा सर्वांसाठी खुला झाला की काही मोठ्या महोत्सवांची दारं कायमची बंद होतात. ऑस्करच्या नियमांतही पात्र ठरण्याआधी इंटरनेटवर प्रदर्शित झालेला लघुपट बाद होतो. निवड समितीला पाठवायची प्रत पासवर्ड लावलेल्या खासगी लिंकवर ठेवावी आणि तो पासवर्ड वर्षभर बदलू नये. समितीतला माणूस फिल्म कधी उघडेल याचा नेम नसतो, आणि लिंक उघडली नाही तर तो विचारत बसत नाही, पुढच्या फिल्मकडे वळतो.

त्याच्यापुढचा ढीगही तसाच असतो. 2025च्या सनडान्स महोत्सवाकडे 11,153 लघुपट आले आणि त्यातले 57 निवडले गेले, म्हणजे साधारण दोनशेत एक. म्हणूनच नुसत्या मोठ्या नावांची यादी करून पैसे भरत सुटणं परवडत नाही.

यादीला पहिली कात्री लांबी लावते. कानच्या लघुपट स्पर्धेत नामावलीसह पंधरा मिनिटांची मर्यादा आहे, व्हेनिसच्या ओरिझोंती विभागात वीस मिनिटांची, बर्लिनला तीस मिनिटांची. सोळा मिनिटांची फिल्म असेल आणि त्यात दोन मिनिटं नावंच सरकत असतील, तर नामावली आटोपती घेऊन कानचं दार उघडता येतं. मर्यादेत बसणाऱ्या फिल्मलाही लांबी नडते. महोत्सवात लघुपट साधारण दीड तासाच्या खेळात एकत्र गुंफून दाखवतात. पंचवीस मिनिटांची फिल्म घ्यायची तर दोन छोट्या फिल्म सोडाव्या लागतात, तेव्हा ती त्या दोघींपेक्षा बरीच सरस असावी लागते.

दुसरी कात्री पात्रतेची. चिदानंद नाईक यांच्या ‘सनफ्लॉवर्स वेअर द फर्स्ट वन्स टू नो’ या कन्नड लघुपटाला 2024 साली कानमध्ये ‘ला सिनेफ’चं पहिलं पारितोषिक मिळालं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकताना केलेली ही फिल्म. ती बातमी वाचून अनेकांना हुरूप आला, पण ला सिनेफ हा विभाग फक्त फिल्म शाळांच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. नोकरी सांभाळून, मित्रांच्या मदतीने फिल्म करणाऱ्याला तिथे अर्जच करता येत नाही. त्याला कानच्या मुख्य लघुपट स्पर्धेकडे जावं लागतं.

उरलेल्या नावांवर खरा गृहपाठ सुरू होतो. त्या महोत्सवाने गेल्या दोन-तीन वर्षांत कोणते लघुपट दाखवले, ते काढून जमेल तेवढे पाहावेत. घरगुती, संथ गोष्ट प्रयोगशील फिल्मच्या महोत्सवाला पाठवली तर शुल्क पाण्यात जातं. याच शोधात बनावट महोत्सवही उघडे पडतात. ‘फिल्मफ्रीवे’ या संकेतस्थळावर हजारो महोत्सव एका खात्यातून प्रवेशिका घेतात. त्यात दर महिन्याला निकाल लावणारे, शंभराच्या घरात पुरस्कार ठेवणारे आणि विजेत्यालाच ट्रॉफी विकत घ्यायला लावणारे बरेच असतात. ओळखायची खूण सोपी आहे: मागच्या वर्षी कोणत्या थिएटरात, कोणत्या तारखेला, कोणत्या वेळेला फिल्म दाखवल्या, याचं छापील किंवा ऑनलाइन वेळापत्रक सापडलं पाहिजे. ते नसेल तर पोस्टरवर लावायच्या त्या पानांच्या कमानीला जाणकारांच्या लेखी किंमत नसते.

पैशांचा हिशेब एका उदाहरणावर मांडून पाहू. समजा, साडेचौदा मिनिटांचा मराठी लघुपट ऑगस्टअखेर इंग्रजी सबटायटल्ससह तयार झाला आणि निर्मात्याकडे महोत्सवांसाठी 30,000 रुपये आहेत. यातले 9,000 आधीच बाजूला काढावेत. निवड झाल्यावर थिएटरसाठी डीसीपी लागतो, कधी कुरिअर, कधी प्रवास. निवडीचं पत्र आलं आणि डीसीपीला पैसे नाहीत, अशी वेळ येऊ देऊ नये.

शुल्कासाठी राहिले 21,000. डॉलर 88 रुपयांना धरला तर 35 डॉलरची एक प्रवेशिका 3,080 रुपयांना पडते, शिवाय परकीय चलनात कार्ड वापरल्याचा बँकेचा आकार वेगळा. अशा मोठ्या पण महाग महोत्सवांपैकी फक्त दोन निवडले तर 6,160 रुपये होतात. साधारण दीड हजारात बसणारे, फिल्मच्या स्वभावाला जुळणारे सहा मध्यम महोत्सव घेतले तर 9,000. उरलेल्या 5,840 रुपयांना पहिले निकाल येईपर्यंत हात लावायचा नाही. कान आणि ओबरहाउझेन लघुपटाच्या प्रवेशिकेला शुल्क घेत नाहीत, त्यामुळे ते यादीत असले तरी या हिशेबात येत नाहीत.

उशिरा जागं होणाऱ्याला दंड बसतो. बहुतेक महोत्सवांत लवकरची, नियमित आणि उशिराची अशा तीन मुदती असतात, आणि 35 डॉलरचं शुल्क शेवटच्या मुदतीत 60 डॉलर झालं तर त्याच प्रवेशिकेसाठी 2,200 रुपये जास्त मोजावे लागतात. शुल्कमाफी मागायची तीही लवकरच्या मुदतीत, दोन-चार ओळींच्या सभ्य पत्रात.

वेळापत्रक आखताना सर्वांत जास्त गोंधळ प्रीमियरचा होतो. प्रवेशिका पाठवल्याने प्रीमियर खर्ची पडत नाही, फिल्म दाखवल्याने पडतो. म्हणून एका निकालाची वाट पाहत बाकीच्यांच्या मुदती चुकवायचं कारण नाही. पाहायची असते ती महोत्सवाची तारीख. आपल्या उदाहरणातली फिल्म शरदात फ्रान्सच्या क्लेरमाँ-फेराँला, नोव्हेंबरच्या सुमारास बर्लिनला आणि हिवाळ्यात ओबरहाउझेन व कानला जाईल. नेमक्या तारखा दरवर्षी बदलतात, त्या त्यांच्याच संकेतस्थळावरून घ्याव्यात. त्याच काळात भारतातल्या अशा महोत्सवांना प्रवेशिका द्याव्यात ज्यांचे खेळ मे महिन्यानंतर आहेत: केरळचा माहितीपट-लघुपट महोत्सव, बेंगळुरूचा लघुपट महोत्सव, नोव्हेंबरात धरमशाला. गावातल्या सभागृहात कौतुकाचा जाहीर खेळ लावायचा तोही तोवर लांबवावा.

प्रीमियरचा आग्रह सगळीकडे सारखा नसतो. व्हेनिसला जगातला पहिलाच खेळ हवा असतो, तर सनडान्स लघुपटांसाठी प्रीमियरची अट घालत नाही. त्यामुळे काटेकोर महोत्सव आधी आणि सैल नंतर, असा क्रम आपोआप ठरतो. मात्र जानेवारीअखेर सुरू होणाऱ्या क्लेरमाँ-फेराँने निवड केली, तर कानच्या आशेवर ती नाकारणं शहाणपणाचं नाही. जगभरचे लघुपट निवडणारे लोक दरवर्षी क्लेरमाँला जमतात आणि तिथे पाहिलेली फिल्म आपल्याकडे शुल्काशिवाय बोलावतात.

एप्रिलअखेर बहुतेक मोठे निकाल हातात येतात. सगळीकडून नकार आले असतील तर राखून ठेवलेले 5,840 रुपये भारतातल्या आणि फिल्मच्या विषयाशी थेट नातं असलेल्या छोट्या महोत्सवांकडे वळवावेत. शेती, मुलं, पर्यावरण, स्त्रिया अशा विषयांना वाहिलेले महोत्सव असतात आणि तिथे तुलनेने गर्दी कमी असते. घाई करायला एक कारण आहे. अनेक महोत्सव गेल्या एक-दोन वर्षांत पूर्ण झालेल्याच फिल्म घेतात. आपल्या फिल्मची पूर्ण झाल्याची तारीख ऑगस्टची आहे, म्हणजे तिच्या हाती साधारण दोन हंगाम आहेत. दुसरा हंगाम सरला आणि कुठलाही निकाल बाकी उरला नाही, की मग यूट्यूबवर टाकायला हरकत नाही.