स्तनपानाची सवेतन सुटी : मुदत कोठून मोजावी?

प्रसूतिरजा संपवून कामावर परतलेल्या मातेस मुलाला पाजण्यासाठी मिळणारी सुटी किती दिवस चालते, या प्रश्नाचे उत्तर कायद्यातील एका कालवाचक शब्दप्रयोगात आहे. १९६१ च्या प्रसूति-लाभ अधिनियमाच्या अकराव्या कलमाने नेहमीच्या विश्रांतीखेरीज रोज दोन सुट्या दिल्या, त्या मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या सहासष्टाव्या कलमातही हीच मर्यादा कायम आहे.

हक्काचा आरंभ मातेच्या परतण्याने होतो, शेवट मात्र मुलाच्या वयाने ठरतो. सामान्य समजूत अशी असते की, परतल्यावर पंधरा महिने ही सवलत मिळते. ती चुकीची आहे. रजा जितकी उशिरा संपेल, तितका हा काळ आखूड होतो.

रत्नागिरीतील मासळी-प्रक्रिया कारखान्यात काम करणाऱ्या एका स्त्रीचे काल्पनिक उदाहरण घेऊ. तिला १० फेब्रुवारी २०२६ रोजी, अपेक्षित तारखेसच, पहिले मूल झाले. तिची रजा २६ आठवड्यांची असून त्यांपैकी जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. ते तिने घेतले असतील, तर ती जूनच्या मध्यास परतेल. मुलाला ९ मे २०२७ अखेर पंधरा महिने पुरे होतात. म्हणजे तिला हा हक्क सुमारे ११ महिने मिळतो. सर्व रजा प्रसूतीनंतरच घेतली असेल, तर ती ऑगस्टमध्ये परतेल व सुमारे ९ महिनेच उरतील. येथे महिना म्हणजे पंचांगातील नव्हे, इंग्रजी कालगणनेतील महिना समजावयाचा.

सुटीची लांबी कलमात नाही. ती नियमांवर सोपविलेली आहे. खाणी व सर्कशींसाठी १९६३ साली झालेल्या केंद्रीय नियमांत प्रत्येक सुटी १५ मिनिटांची होती, आणि पाळणाघर दूर असल्यास जाण्यायेण्यासाठी ५ ते १५ मिनिटे अधिक देण्याची तरतूद होती. या जादा मिनिटांचे कारण उघड आहे. हातमोजे व एप्रन उतरवून, हात धुऊन मुलापर्यंत पोहोचावयाचे, तर पाजण्यास फारसा वेळ राहत नाही. १९१९ च्या वॉशिंग्टन आंतरराष्ट्रीय कामगार करारात प्रत्येकी अर्ध्या तासाच्या दोन सुट्या सांगितल्या होत्या, हे या संदर्भात लक्षात घ्यावे.

या सुट्यांमुळे ‘नेहमीच्या रोजच्या वेतनातून’ कपात करता येत नाही. रोजंदारीवर हे वाक्य सरळ लागू पडते. कोलंबी सोलण्याचे काम किलोच्या दराने असेल, तेथे मात्र अडचण येते. मालक काहीच कापीत नाही, पण त्या अर्ध्या तासात सोललेला माल कमी भरतो व मिळकत आपोआप घटते. ‘कपात’ हा शब्द आधी ठरलेली रक्कम गृहीत धरतो. जेथे ती रक्कमच ठरलेली नाही, तेथे त्याचे संरक्षण दुबळे पडते. म्हणून अशा कामगार स्त्रीच्या बाबतीत सुटी दिली की नाही एवढेच पाहून भागत नाही. प्रसूतीपूर्वीची तिची सरासरी रोजची मिळकत व परतल्यानंतरची मिळकत यांची हजेरीपत्रकावरून तुलना केली, तरच सुटी खरोखर सवेतन होती की नाही, हे कळून येते.