उत्तर चुकलं, की उतारा सापडलाच नाही?

‘फ्लॅट भाड्याने दिला तर सोसायटी माझ्याकडून जास्तीत जास्त किती पैसे घेऊ शकते?’ समजा, गृहनिर्माण सोसायटीच्या उपविधींवर उत्तरं देणाऱ्या एआय यंत्रणेला कुणी हे विचारलं आणि उत्तर आलं : पंचवीस हजार रुपये. ते साफ चूक आहे. पंचवीस हजारांची मर्यादा फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर करताना लागणाऱ्या हस्तांतरण प्रीमियमची. भाड्याच्या बाबतीत बिनभोगवटा शुल्क लागतं आणि ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच घेता येतं.

अशी यंत्रणा आधी प्रश्नाशी जुळणारे उतारे शोधते आणि मग भाषा-मॉडेल ते वाचून उत्तर लिहितं. इथे मॉडेलने समोरचा उतारा बरोबर वाचला होता, पण शोधाने तोच चुकीचा दिला. फक्त शेवटचं उत्तर तपासलं तर हे कळत नाही.

म्हणून शोधाची परीक्षा वेगळी घ्यावी. शंभर प्रश्न घ्या आणि प्रत्येकाचं उत्तर कोणत्या उताऱ्यात आहे, ते जाणकाराकडून खूण करून घ्या. मग मॉडेल बाजूला ठेवून फक्त शोध चालवा. समजा, ६८ प्रश्नांत खुणेचा उतारा पहिल्या पाचांत आला. मग ‘रिकॉल अ‍ॅट ५’ झाला ०.६८. आता उत्तरं तपासा. सापडलेल्या ६८ पैकी ५७ बरोबर, न सापडलेल्या ३२ पैकी जेमतेम ३ बरोबर. म्हणजे महागडं मॉडेल आणलं तरी त्याच्या हाती अकराच चुका आहेत. खरी गळती शोधात आहे.

पुढे पहिले वीस उतारे बघा. तिथे रिकॉल ०.९१ झाला, तर २३ उतारे सापडतात पण खाली राहतात. क्रमवारी सुधारली की ते वर येतील. उरलेल्या नऊंचा आजार वेगळा : लोक ‘भाडं’ म्हणतात, कागद ‘बिनभोगवटा’ म्हणतो. तिथे क्रमवारी बदलून उपयोग नाही, बोलीतले शब्द शोधाला जोडून द्यावे लागतात.

हे सगळं खुणांच्या खरेपणावर उभं आहे. उतारा समोर ठेवून प्रश्न लिहिला की त्यातलेच शब्द प्रश्नात उतरतात आणि रिकॉल फुगतो. इंग्लंडमधल्या क्रॅनफिल्डला सिरिल क्लेव्हरडन यांच्या पहिल्या प्रयोगावर नेमका हाच आक्षेप आला, कारण प्रश्न संग्रहातल्याच लेखांवरून काढले होते. साठच्या दशकातल्या दुसऱ्या प्रयोगात त्यांनी संशोधकांनाच विचारलं, की तुमचं काम कोणत्या प्रश्नातून सुरू झालं? सोसायटीच्या बाबतीत असे प्रश्न सभासदांच्या तक्रारअर्जांत मिळतात, त्यांच्याच शब्दांत. आणि खूण करताना उताऱ्याचा क्रमांक नोंदवू नये, उपविधीचं कलम नोंदवावं. उतारे उद्या वेगळ्या ठिकाणी तोडले तर क्रमांक बदलतात, कलम तेच राहतं.