१.३ विमानवाहू जहाजं कशी बांधायची? अपूर्णांकातलं उत्तर छाटणाऱ्या 'कटिंग प्लेन'ची गोष्ट

१९५० च्या दशकाच्या शेवटी शेवटी अमेरिकेच्या नौदलासाठी एक सादरीकरण सुरू होतं. ताफ्यात कोणती जहाजं किती असावीत, याचं उत्तर गणिताने काढलेलं होतं. पद्धत होती लिनिअर प्रोग्रॅमिंगची. पण सादरीकरण करणाऱ्यांपैकीच एकाने अडचण बोलून दाखवली. उत्तरं पूर्ण संख्येत आली तर बरं होईल, कारण १.३ विमानवाहू जहाजं हे उत्तर थेट वापरता येत नाही.

ऐकणाऱ्यांमध्ये राल्फ गोमरी नावाचे तरुण गणितज्ञ होते. ते तेव्हा प्रिन्स्टन विद्यापीठात शिकवत होते आणि नौदलाला सल्लाही देत होते. त्यांनी हा प्रश्न मनावर घेतला आणि १९५८ मध्ये त्यावरची रीत प्रसिद्ध केली. या रीतीत गणिताला एकेक नवी अट जोडायची असते. ती अट अपूर्णांकातलं उत्तर बाद करते, पण पूर्ण संख्येतलं एकही उत्तर बाद करत नाही. अशा अटीला 'कटिंग प्लेन' किंवा नुसतं 'कट' म्हणतात.

हे नेमकं कसं होतं? एका छोट्या उदाहरणातून बघू.

दीड देव्हाऱ्याचं काय करायचं?

समजा, एका सुताराकडे १२ फळ्या आहेत आणि हातात कामाचे ६ दिवस आहेत. तो टेबल आणि देव्हारे बनवतो. एका टेबलाला ३ फळ्या आणि १ दिवस लागतो. देव्हाऱ्याला फळ्या २ च लागतात, पण कोरीवकाम असल्याने दिवस २ जातात. एका टेबलामागे ५ हजार रुपये सुटतात आणि एका देव्हाऱ्यामागे ४ हजार. जास्तीत जास्त पैसे सुटण्यासाठी काय किती बनवावं?

अटी दोनच आहेत:

फळ्या: ३ × टेबल + २ × देव्हारे ≤ १२
दिवस: १ × टेबल + २ × देव्हारे ≤ ६

तिसरी अट न सांगताच कळते. दोन्ही वस्तू अख्ख्या बनल्या पाहिजेत. गणिताला सगळ्यात जास्त त्रास देते ती हीच अट. म्हणून आधी ती बाजूला ठेवतात आणि अपूर्णांक चालतील असं धरून गणित सोडवतात. याला 'रिलॅक्सेशन' म्हणतात, म्हणजे अट सैल करणं.

सैल केलेलं गणित पटकन सुटतं. आलेखाच्या कागदावर आडव्या बाजूला टेबल आणि उभ्या बाजूला देव्हारे घेतले, तर दोन अटींच्या दोन रेषा आणि कागदाच्या दोन कडा मिळून एक चौकोन तयार होतो. सर्वात जास्त नफा या चौकोनाच्या एखाद्या कोपऱ्यावर मिळतो. इथे तो कोपरा आहे ३ टेबल आणि १.५ देव्हारे. नफा २१ हजार.

पण दीड देव्हारा कोण घेणार?

मग खालची संख्या धरली तर?

पहिला विचार हाच येतो. दीडचा एक करायचा, म्हणजे ३ टेबल आणि १ देव्हारा. नफा १९ हजार. पण हे सर्वात चांगलं उत्तर नाही. देव्हारा न बनवता ४ टेबल बनवले, तर सगळ्या १२ फळ्या वापरल्या जातात आणि नफा २० हजार होतो. म्हणजे खरं उत्तर अपूर्णांकाच्या अगदी शेजारी असेलच असं नाही.

इथे शक्यता कमी आहेत. दोन्ही अटींत बसणाऱ्या अख्ख्या जोड्या मोजल्या तर १३ च भरतात, त्यामुळे सगळ्या तपासता येतात. पण वस्तू दोनऐवजी दोनशे असतील, तर जोड्या मोजणंच अशक्य होतं. तिथे कट कामाला येतो.

कट कसा तयार होतो?

आपल्या दोन अटींची बेरीज करू. डावीकडे टेबल ३ + १ म्हणजे ४ होतात आणि देव्हारे २ + २ म्हणजे ४. उजवीकडे १२ + ६ म्हणजे १८.

४ × टेबल + ४ × देव्हारे ≤ १८

आता सगळ्याला ४ ने भागू.

टेबल + देव्हारे ≤ ४.५

इथपर्यंत नवीन काहीच झालेलं नाही. जुन्या दोन अटी पाळणारा ही अट आपोआप पाळतो. खरी गंमत पुढच्या पायरीत आहे. टेबल अख्खे आणि देव्हारेही अख्खे, मग त्यांची बेरीज साडेचार कशी होईल? ती पूर्ण संख्याच असणार. आणि साडेचारपेक्षा जास्त नसलेली सर्वात मोठी पूर्ण संख्या आहे ४. म्हणून:

टेबल + देव्हारे ≤ ४

हा झाला कट. आता जुनं उत्तर तपासा. ३ + १.५ = ४.५, म्हणजे ते या अटीत बसत नाही आणि बाद होतं. कागदावर पाहिलं तर चौकोनाचा तो कोपरा कात्रीने कापल्यासारखा जातो. कापलेला तुकडा म्हणजे एक लहानसा त्रिकोण. त्याच्या नव्या कडेवर ४ टेबल, ३ टेबल–१ देव्हारा आणि २ टेबल–२ देव्हारे हे तीन बिंदू बरोबर रेषेवर शिल्लक राहतात. १३ पैकी एकही जोडी जात नाही.

नवी अट धरून सैल गणित पुन्हा सोडवलं, तर उत्तर येतं ४ टेबल, ० देव्हारे, नफा २० हजार. या वेळी उत्तर अख्खं आहे. शिवाय अपूर्णांकाची मुभा देऊनही २० हजारांपुढे जाता आलं नाही, त्यामुळे याहून चांगलं उत्तर नाही हेही सिद्ध झालं.

एकही उत्तर हरवलं नाही, हे न मोजता कसं कळलं?

वरचा कट बनवताना १३ जोड्यांकडे एकदाही पाहावं लागलं नाही, हे लक्षात घ्या. खात्री दोन गोष्टींतून आली. बेरीज आणि भागाकारापर्यंतची अट जुन्या अटींतूनच निघाली होती, त्यामुळे ती प्रत्येक योग्य उत्तराला लागू होतीच. आणि डावी बाजू नक्की पूर्ण संख्या असल्यामुळे उजव्या बाजूचा अपूर्णांक टाकून देता आला.

यातली दुसरी गोष्ट विसरली की घोटाळा होतो. समजा, कुणी फक्त दिवसांची अट घेऊन ४ ने भागली. उजवीकडे १.५ येतं. त्याचं १ केलं तर? ती अट होते टेबल + २ × देव्हारे ≤ ४. पण भागल्यावर डावीकडे पाव टेबल आणि अर्धा देव्हारा असे गुणक होते, म्हणजे डावी बाजू पूर्ण संख्या असेल याची हमीच नव्हती. परिणाम असा, की २ टेबल–२ देव्हारे ही अगदी चालणारी जोडी बाद होते. हा कट नाही, ही चूक आहे. ती पकडायची सोपी खूण म्हणजे एखादं माहितीतलं योग्य उत्तर नव्या अटीत घालून पाहणं. ते बसलं नाही, तर अट चुकीची.

सुताराच्या उदाहरणात नुसती बेरीज करून काम भागलं. मोठ्या गणितात कोणती अट किती पटीने घ्यायची, हे नजरेने सुचत नाही. गोमरींनी ते ठरवायची ठरावीक रीत दिली. सैल गणित सोडवताना शेवटी जे कोष्टक तयार होतं, त्यातल्या अपूर्णांकांवरूनच पुढचा कट मिळतो. ही रीत नेमाने वापरली, तर मोजक्या पायऱ्यांत अख्खं उत्तर मिळतंच, हेही त्यांनी सिद्ध केलं.

४९ शहरांचा प्रवास

कटची कल्पना गोमरींच्या थोडी आधी एका वेगळ्या कोड्यात दिसली होती. १९५४ मध्ये रँड कॉर्पोरेशनमधल्या जॉर्ज डँटझिग, रे फुल्करसन आणि सेल्मर जॉन्सन यांनी अमेरिकेतली ४९ शहरं घेतली. तेव्हाच्या ४८ राज्यांतलं प्रत्येकी एक शहर आणि वॉशिंग्टन डीसी. प्रत्येक शहराला एकदाच भेट देऊन परत यायचं, तर सर्वात कमी अंतराचा मार्ग कोणता? शक्य मार्गांची संख्या ६१ अंकी आहे.

त्यांनीही आधी अट सैल केली. प्रत्येक शहराला दोन रस्ते जोडलेले असावेत, एवढंच मागितलं. अशा गणिताचं उत्तर अनेकदा तुटक येतं. काही शहरांचं एक वर्तुळ इकडे, काहींचं दुसरं तिकडे. मग अट जोडायची, की या गटातून बाहेर जाणारे किमान दोन रस्ते हवेत. सगळीकडे फिरून येणाऱ्याला गटात शिरावं लागतं आणि निघावंही लागतं, म्हणून कोणताही खरा मार्ग या अटीमुळे जात नाही. तुटक उत्तर मात्र जातं.

अशा अटींनी आणि थोड्या वेगळ्या आणखी कटनी त्यांनी १२,३४५ मैलांचा मार्ग सर्वात छोटा असल्याचं सिद्ध केलं. सगळ्या शक्य मार्गांसाठी लागणाऱ्या सगळ्या अटी लिहायची गरज पडली नाही. उत्तराच्या आसपासच्या मोजक्या अटी पुरल्या.

मग अडचण कुठे येते?

मोजक्या पायऱ्या म्हणजे थोड्या पायऱ्या नव्हे. मोठ्या गणितात सुरुवातीचे कट मोठा तुकडा कापतात आणि नंतरचे बारीक कपचे काढतात. नफ्याची वरची मर्यादा खाली यायची थांबते. नवे कट जुन्या कटना जवळजवळ समांतर होऊ लागतात. ही थांबण्याची खूण असते.

दुसरी अडचण कॉम्प्युटरची. तो दशांश चिन्हापुढचे आकडे एका मर्यादेपर्यंतच धरतो. खरं उत्तर ५ असताना त्याच्याकडे ४.९९९९९९९ आलं आणि त्याने ते ४ केलं, तर योग्य उत्तरच कापलं जातं. म्हणून सॉफ्टवेअर पूर्ण संख्येच्या फार जवळ असलेल्या आकड्यांवरून कट बनवणं टाळतं.

या अडचणींमुळे गोमरींचे कट अनेक वर्षं बाजूला पडले होते. १९९६ मध्ये एगॉन बलास, सेबास्तियान सेरिया, जेरार्ड कोर्न्युजोल्स आणि नटराज यांनी ते वेगळ्या पद्धतीने वापरून पाहिले. एकेक कट जोडत बसण्याऐवजी एका फेरीत अनेक कट जोडायचे, आणि त्याच्या जोडीला गणिताच्या फांद्या पाडायच्या. म्हणजे 'देव्हारे १ किंवा कमी' हे एक गणित आणि 'देव्हारे २ किंवा जास्त' हे दुसरं. कटमुळे प्रत्येक फांदीतली मर्यादा आधीच घट्ट होते, त्यामुळे बऱ्याच फांद्या न उलगडताच सोडून देता येतात. आजची सॉफ्टवेअर विमानांच्या कर्मचाऱ्यांच्या पाळ्या किंवा कारखान्यांचं वेळापत्रक ठरवतात, तेव्हा कट आणि फांद्या अशाच जोडीने काम करतात.