एक पुस्तक, तीन प्रती, किती टेबलं?

सॉफ्टवेअर कंपन्यांच्या मुलाखतींत अनेकदा स्कीमा डिझाइनची एक वेगळी फेरी असते. तिथे प्रोग्राम लिहायचा नसतो. एखादा व्यवहार समजून घेऊन त्याची माहिती कोणत्या टेबलांत, कोणत्या रकान्यांत ठेवायची, एवढंच फळ्यावर मांडायचं असतं. या फेरीतला एक जुना प्रश्न वाचनालयाचा आहे. सभासद पुस्तकं नेतात, परत आणतात, उशीर झाला तर दंड भरतात. या सगळ्याचा डेटाबेस कसा मांडाल?

पहिलं उत्तर बहुतेकांना चटकन सुचतं. देवघेवीचं एकच टेबल करायचं आणि पुस्तक दिलं की त्यात एक ओळ घालायची. रकाने म्हणजे दाखल क्रमांक, पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, सभासद क्रमांक, सभासदाचं नाव, फोन, दिल्याची वेळ आणि परत आल्याची वेळ. पहिल्या आठवड्यात हे छान चालतं.

मग अडचणी सुरू होतात. एका सभासदाने आजवर चाळीस पुस्तकं नेली, तर त्याचा फोन नंबर चाळीस ओळींत बसलेला असतो. नंबर बदलला आणि दुरुस्ती एकोणचाळीस ओळींत झाली, तर खरा नंबर कोणता हे डेटाबेसला सांगता येत नाही. नवं पुस्तक विकत आणलं पण अजून कोणी नेलं नाही, तर त्याची नोंद कुठे करायची? टेबल तर देवघेवीचं आहे. एखादं पुस्तक एकदाच कोणी नेलं असेल आणि ती जुनी ओळ साफसफाईत काढून टाकली, तर ते पुस्तक वाचनालयात आहे ही माहितीही तिच्याबरोबर जाते. बदल करताना, भर घालताना आणि काढून टाकताना होणाऱ्या या तीन घोटाळ्यांचं मूळ एकच आहे. तीन वेगळ्या गोष्टींची माहिती आपण एका ओळीत कोंबली आहे.

आयबीएममधले एडगर कॉड यांनी 1970 मध्ये रिलेशनल मॉडेल मांडलं आणि पुढच्या एक-दोन वर्षांत हे घोटाळे टाळण्याच्या पायऱ्या सांगितल्या. त्यांना नॉर्मलायझेशन म्हणतात. त्यातल्या पहिल्या तीन पायऱ्या आपल्या टेबलावर चालवून पाहू.

पहिली पायरी म्हणजे एका खणात एकच मूल्य. दोन लेखकांनी मिळून लिहिलेल्या पुस्तकासाठी लेखकाच्या रकान्यात स्वल्पविराम टाकून दोन नावं लिहिली, की त्यातल्या दुसऱ्या लेखकाची सगळी पुस्तकं शोधणं अवघड होतं. म्हणून लेखकांचं वेगळं टेबल करायचं, आणि कोणतं पुस्तक कोणाचं हे सांगणारं ‘पुस्तक-लेखक’ असं जोडटेबल. यात आणखी एक फायदा होतो. ‘पु. ल. देशपांडे’, ‘पु.ल. देशपांडे’ आणि ‘देशपांडे, पु. ल.’ हे संगणकाच्या लेखी तीन वेगळे लेखक असतात. नाव एकाच ठिकाणी असलं की ते एकदाच नीट लिहावं लागतं.

दुसऱ्या पायरीसाठी देवघेवीची ओळ कशाने ओळखली जाते ते पाहायचं. दाखल क्रमांक आणि दिल्याची वेळ, या दोन्हींनी मिळून. पण पुस्तकाचं नाव ठरायला दाखल क्रमांक एकटा पुरतो, वेळेचा त्याच्याशी संबंध नाही. म्हणजे ते नाव या टेबलात पाहुणं आहे, त्याला बाहेर काढायचं.

तिसऱ्या पायरीत आडवाटेने आलेली माहिती शोधायची. फोन ठरतो सभासद क्रमांकावरून, आणि सभासद कोण ते ठरतं देवघेवीवरून. तेव्हा फोनची जागा सभासदांच्या टेबलात आहे.

इथेच या प्रश्नातली खरी मेख येते. ‘ययाति’च्या तीन प्रती कपाटात आहेत. लेखक आणि प्रकाशक पुस्तकाचे असतात. दाखल क्रमांक, फाटलेली पानं, हरवल्याची नोंद ही प्रतीची असते. सभासद नेतो ती प्रत, आणि राखून ठेवायला सांगतो ते बहुधा पुस्तक. म्हणून पुस्तक आणि प्रत ही दोन वेगळी टेबलं लागतात. ज्यांनी ती एकच ठेवली, त्यांच्याकडे तीन प्रतींसाठी लेखकाचं नाव तीनदा लिहावं लागतं. काही जण पुस्तकाची ओळख म्हणून आयएसबीएन वापरतात, पण तो क्रमांक आवृत्ती आणि बांधणीनुसार बदलतो आणि जुन्या पुस्तकांवर तो नसतोच. आपला स्वतःचा क्रमांक देणं बरं.

आता लेखक, पुस्तक, पुस्तक-लेखक, प्रत, सभासद आणि देवघेव अशी सहा टेबलं झाली. प्रकाशकाचा पत्ता वगैरे ठेवायचा असेल तर सातवं. एकच प्रत एका वेळी दोघांकडे जाऊ नये, हा नियमही डेटाबेसलाच सांगता येतो. पोस्टग्रेसमध्ये तो असा लिहितात:

```sql
CREATE UNIQUE INDEX one_open_loan
ON loan (copy_id)
WHERE returned_on IS NULL;
```

परत न आलेली नोंद प्रत्येक प्रतीमागे एकच असेल. दोन खिडक्यांवरून एकाच क्षणी तीच प्रत द्यायचा प्रयत्न झाला, तर दुसरा प्रयत्न डेटाबेस परत पाठवतो.

यानंतर परीक्षक विचारतो, ‘परतीची शेवटची तारीख वेगळी का साठवता? दिल्याच्या तारखेत मुदतीचे दिवस मिळवले की ती निघतेच.’ निघते, पण मुदत आजचीच राहिली तर. उद्या वाचनालयाने पंधरा दिवसांची मुदत दहावर आणली, तर कालच्या सभासदावर आजच्या नियमाने दंड बसेल. देताना ठरलेली तारीख आणि परत घेताना आकारलेला दंड या त्या वेळच्या घटना आहेत. त्या साठवणं म्हणजे माहितीची पुनरुक्ती नव्हे.

खरी पुनरुक्ती, म्हणजेच डीनॉर्मलायझेशन, वेगळी असते. शोधाच्या पानावर वीस पुस्तकं दिसतात आणि प्रत्येकासमोर ‘किती प्रती उपलब्ध’ हे हवं असतं. तो आकडा प्रत आणि देवघेव जोडून निघतो, तरी अनेक उमेदवार घाईने पुस्तकाच्या टेबलात ‘उपलब्ध प्रती’ असा रकाना घालतात. जरा हिशेब करावा. वीस पुस्तकांच्या तीन-तीन प्रती म्हणजे साठ. योग्य इंडेक्स असेल तर साठ प्रतींची स्थिती पाहायला डेटाबेसला काही मिलिसेकंद पुरतात, वाचनालयात एकूण पन्नास हजार प्रती असल्या तरी. आधी `EXPLAIN ANALYZE` चालवून वेळ मोजावा, मग ठरवावं.

पण पुनरुक्ती नेहमी चूकच असते असंही नाही. न्यूझीलंडमध्ये घडलेली आणि 2000 साली वापरात आलेली ‘कोहा’ ही मुक्त ग्रंथालय प्रणाली आज भारतातही अनेक ग्रंथालयांत आहे. तिच्या प्रतींच्या `items` टेबलात `onloan` नावाचा रकाना आहे. प्रत बाहेर असेल तर त्यात परतीची तारीख असते, नसेल तर तो रिकामा. हीच तारीख देवघेवीच्या टेबलातही असते. कपाटातली स्थिती सतत वाचली जाते आणि पुस्तक देताना-घेतानाच बदलते, म्हणून ही दुसरी नोंद परवडते.

अट एवढीच, की दोन्ही नोंदी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बदलाव्यात. एक बदलून दुसरी राहिली, तर कपाटात असलेलं पुस्तक पडद्यावर ‘बाहेर’ दिसतं आणि कोणी ते मागतच नाही. अशी फारकत शोधायला रात्री एक तपासणी चालवावी:

```sql
SELECT c.id FROM copy c
LEFT JOIN loan l ON l.copy_id = c.id
  AND l.returned_on IS NULL
WHERE c.on_loan_until
  IS DISTINCT FROM l.due_on;
```

एकही ओळ आली, तर कुठला तरी कोड एकाच जागी लिहितो आहे. अशा वेळी देवघेवीचं टेबल खरं मानून दुसरी नोंद दुरुस्त करायची. वर्षभरात सर्वाधिक वाचलेल्या पुस्तकांच्या यादीला मात्र एवढी काटेकोर शिस्त लागत नाही. लाखो ओळी दर वेळी मोजण्यापेक्षा रात्री एकदा मोजून वेगळ्या टेबलात ठेवाव्यात. ती यादी दिवसभर शिळी राहिली म्हणून कोणाचं बिघडत नाही.

तेव्हा या फेरीला बसणाऱ्यांनी आधी सहा टेबलं स्वच्छ मांडावीत आणि पुनरुक्तीचा रकाना काढण्यापूर्वी तीन गोष्टी सांगाव्यात. कोणती क्वेरी मोजल्यावर संथ निघाली, दुसरी नोंद कोण आणि केव्हा बदलणार, आणि ती चुकली तर कसं कळणार. ही उत्तरं नसतील, तर तो रकाना काढू नये.